काकू गातात, कीबोर्ड मागून चालतो

लोणार तालुक्यातल्या बीबी गावाहून आम्ही बोलतोय. एरवी या वेळेला आम्ही कर्जाचे हप्ते, शेळ्या नाहीतर पापड-कुरडया यांच्याबद्दल बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आमच्या गटाचं एक भजनी मंडळ आहे, आणि तुमच्यापैकी पुष्कळ जणींचंही असेल. टाळ आहेत, खंजिरी आहे, गाणाऱ्या काकू आहेत. पेटी वाजवणारे बुवा मात्र सप्ताह असला की मिळत नाहीत. म्हणून आम्ही एक छोटा कीबोर्ड घेतला. गटातल्या एका ताईंची सून माहेरी दोन वर्षं पेटी शिकलेली होती, तिला वाजवायला बसवलं.

पहिल्याच दिवशी अर्ध्या भजनात काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं सूनबाई, मला दम तं घेऊ दे!" सूनबाई चुकीचे सूर वाजवत नव्हती. बोटं बरोबर पडत होती, तरी काकूंना गाता येईना. असं का झालं ते समजायला आम्हाला बरेच महिने लागले. जे कळलं ते आज सांगतो.

आधी सुराचं बघू, कारण तो चुकला तर पुढचं सगळं अडतं. सूनबाई शिकलेली होती पांढरी एकपासून, म्हणजे पांढरी एकला सा धरून. काकू गातात काळी चारमध्ये. बायकांचे आवाज बहुतेक काळी चार, पांढरी सहा किंवा काळी पाच याच्या आसपास बसतात. पांढरी एकमध्ये गायला लावलं तर एकतर वरचे सूर फाटतात, नाहीतर खालचे सूर पोटातच राहतात. पण सूनबाईला काळी चारवरून बोटं फिरवायची सवय नव्हती. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं, ते इथे उपयोगी पडतं. ते उणे चारवर नेलं की पांढरी एक दाबल्यावर आवाज काळी चारचा येतो. उणे तीन केलं तर पांढरी सहाचा येतो. बोटं ओळखीच्या पट्ट्यांवरच राहतात.

सूर ठरवायला यंत्रापासून सुरुवात करू नका. गाणारीला वाद्याशिवाय अख्खं भजन म्हणू द्या. त्यात सगळ्यात उंच जाणारी ओळ कोणती ते ऐका. ती ओळ म्हणताना मान वर जात असेल, गळ्याच्या शिरा ताणल्या जात असतील, तर सा एक पट्टी खाली घ्या. काकूंचं धृपद पांढरी सहामध्येही छान लागत होतं, पण तिसऱ्या कडव्यात आवाज चिरकायचा. म्हणून काळी चार ठरवली आणि वहीत भजनाच्या नावापुढे "उणे 4" असं लिहून ठेवलं. प्रत्येक गाणारीच्या नावापुढे असा आकडा आमच्या वहीत आहे.

आता लयीकडे येऊ. कीबोर्डमध्ये तयार ठेके असतात. बटण दाबलं की तबला-ढोलकी आपोआप सुरू. आम्हाला वाटलं, बरं झालं, ढोलकीवाला शोधायची गरज नाही. पण हा ठेका कुणासाठी थांबत नाही. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो. एक ते आठ मोजायचं आणि पुन्हा एक. त्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. काकू दुसऱ्या कडव्याच्या शेवटी देवाचं नाव आलं की तो शब्द ओढतात, डोळे मिटतात, आणि मग पुढची ओळ उचलतात. त्या दिवशी त्यांनी ओळ चार मात्रा उशिरा उचलली. यंत्र तर आपल्या गतीने पुढे गेलं होतं. म्हणजे काकूंची सम पडली यंत्राच्या पाचव्या मात्रेवर. जिथे जोर हवा तिथे ठेका पोकळ, आणि पोकळ जागी जोर. टाळ वाजवणाऱ्या बायकांपैकी निम्म्या काकूंबरोबर, निम्म्या यंत्राबरोबर. सगळा गोंधळ.

काकूंनी शब्द ओढला ही चूक नव्हती. भजनाचा रस त्या ओढण्यातच आहे. चूक आमची होती की आम्ही न थांबणारं यंत्र त्यांच्या पुढे बसवलं. आता आमच्याकडे लय टाळ आणि खंजिरी देतात, कारण टाळ धरणारी बाई काकूंचं तोंड बघून थांबू शकते. यंत्राचा ठेका फक्त शेवटच्या गजराला लावतो. तिथे कुणी शब्द ओढत नाही, सगळ्या एकाच चालीने म्हणतात. तोही आधी सुरू करायचा नाही. काकूंनी गजर धरला, एक आवर्तन झालं, मग पुढच्या समेवर नेमकं बटण दाबायचं. ठेका आणि गाणं वेगळं पडल्याचं लक्षात आलं की तो ओढूनताणून जुळवायचा नाही, सरळ बंद करायचा.

ठेक्याचं यंत्र बंद केलं तरी वाजवणारीचा हात स्वतःच यंत्रासारखा पळू शकतो. सूनबाईचं तेच होत होतं, आणि ते तिला कळत नव्हतं. वाजवणाऱ्याला आपली घाई ऐकू येत नाही, त्याला वाटतं गाणारीच मागे रेंगाळतेय. मग आम्ही ते मोजून पाहिलं. मोबाईलवर काकूंचं नुसतं गाणं रेकॉर्ड केलं. घड्याळात 15 सेकंद धरून मात्रा मोजल्या. सुरुवातीला 20 आल्या, शेवटच्या कडव्याला 22. भजन थोडं चढतंच, ते स्वाभाविक आहे. मग कीबोर्डसह तेच भजन रेकॉर्ड केलं. सुरुवात 20 आणि शेवट 27. मधला फरक कुणाचा, हे सांगायची गरज उरली नाही. तुम्हीही एकदा हे करून बघा. दोन रेकॉर्डिंग आणि घड्याळ, एवढंच लागतं.

घाई कुठून येत होती तेही त्याच रेकॉर्डिंगमध्ये सापडलं. दोन ओळींच्या मध्ये आपण जे वाजवतो त्याला भराव म्हणतात. काकूंची ओळ संपली की आठ मात्रांची जागा मिळते. सूनबाई त्या आठही मात्रा सुरांनी गच्च भरायची, आणि सगळे सूर बसावेत म्हणून बोटं पळवायची. बोटं पळाली की आठ मात्रा सातातच संपायच्या. शिवाय शेवटच्या मात्रेपर्यंत वाद्य गाजत असल्याने काकूंना श्वास घ्यायला निवांत क्षणच नव्हता. त्या दम मागत होत्या तो याच कारणाने.

यावर आम्ही एक साधा नियम केला. भरावाच्या आठ मात्रांपैकी पहिल्या पाचात काय ते वाजवायचं, तेही धृपदाच्या चालीतलंच, नवीन काही नाही. सहाव्या मात्रेला सा वर येऊन थांबायचं. सातवी आणि आठवी मोकळी सोडायची. त्या दोन मात्रा काकूंच्या श्वासाच्या. वाजवणारीने तेव्हा पट्ट्यांकडे न बघता काकूंच्या खांद्यांकडे बघायचं. खांदे वर आले, म्हणजे श्वास भरला, म्हणजे पुढची ओळ येतेय. हे दिसायला बसायची जागाही तशीच हवी. पूर्वी सूनबाई काकूंच्या मागे बसायची. आता उजव्या बाजूला थोडी पुढे बसते, म्हणजे तोंड आणि टाळेचा हात दोन्ही दिसतात. स्पीकर कीबोर्डच्या तोंडाशी असेल तर वाजवणारीला स्वतःचंच ऐकू येतं, गाणारी ऐकू येत नाही. म्हणून स्पीकर श्रोत्यांकडे पुढे ठेवतो आणि कीबोर्डचा आवाज एवढाच ठेवतो की काकूंचे शब्द सूनबाईला स्पष्ट कळतील. तिला शब्द कळत नसतील तर आवाज जास्त आहे असं समजायचं.

भरावाची जागा झाली. पण काकू गात असताना काय वाजवायचं? आमची पहिली समजूत अशी की काकू जो सूर घेतील तो जोरात वाजवायचा. तसं केलं की श्रोत्यांना दोन गाणी ऐकू येतात आणि शब्द मधेच हरवतात. शिवाय पट्टीच्या वाद्याची एक मर्यादा आहे. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, त्याला मींड म्हणतात. पट्टीवर ते होत नाही, तिथे एक सूर सुटतो आणि दुसरा लागतो. याच कारणावरून काही जाणकारांचा पेटीवर राग होता, आणि 1940 साली आकाशवाणीवर पेटीला बंदी आली. ती तीसेक वर्षं चालली. तरीही त्या काळात आणि नंतरही गायक मैफलीत पेटी बाजूला घेऊन बसतच राहिले, कारण चांगला साथीदार ही मर्यादा ओळखून वाजवतो. आपल्या शेजारच्या जालन्याकडचे अप्पा जळगावकर यांनी भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर अशा मोठ्या गायकांना पेटीची साथ केली. त्यांच्या साथीची रेकॉर्डिंग मिळाली तर जरूर ऐका. गायक बोलत असतो तेव्हा पेटी किती कमी बोलते, ते कान देऊन ऐका.

आम्ही हे आमच्या परीने असं बसवलं. काकू तालात ओळ गात असतील तर सूनबाई त्यांच्या मागून, सावलीसारखी, ओळीतले मुख्य मुख्य सूर तेवढे धरते. प्रत्येक अक्षराला पट्टी दाबत नाही. काकू आवाज घसरवत नेतात तिथे ती थांबते आणि त्या जिथे पोचतात तिथला सूर हळूच देते. सुरुवातीला काकू ताल न धरता दोन ओळी आळवतात, तिथे चाल वाजवायचीच नाही. डाव्या हाताने सा आणि पंचम धरून ठेवायचे, तंबोऱ्यासारखे. एक सांभाळायचं. मालकंसासारख्या चालीत पंचमच नसतो. तिथे पंचम धरला की कानाला खुपतं, मग सा आणि मध्यम धरायचा.

आमच्यासारखा स्वस्तातला कीबोर्ड असेल तर पट्टी हळू दाबली काय आणि जोरात दाबली काय, आवाज सारखाच येतो. म्हणजे बोटाने नाजूक वाजवता येत नाही. नाजूक करायचं तर सूर कमी करायचे, किंवा आवाजाचं बटण खाली आणायचं. वाद्याचा आवाज निवडतानाही विचार करा. पियानोचा आवाज दाबून धरला तरी विरत जातो, म्हणून सा धरून ठेवायला तो निकामी. पेटीचा आवाज पट्टी धरलेली असेपर्यंत टिकतो, भजनाला तोच बरा. गिटार घेऊन एखादी मुलगी साथीला बसली तरी हाच हिशेब. तारेचा आवाज विरतो, म्हणून ती समेवर एक छेड देते आणि बाकी वेळ हात शांत ठेवते. गाणारीचा शब्द चालू असताना प्रत्येक मात्रेला छेडायचं नाही.

आता चुका. त्या होतातच, आणि पहिला घात चुकीने होत नाही, चुकीनंतरच्या धावपळीने होतो. चुकीचा सूर लागला तर वाजवणारीला वाटतं परत जाऊन बरोबर वाजवावं. पण गाणं तोवर पुढे गेलेलं असतं. परत गेलं की एका चुकीच्या दोन होतात आणि लयही मोडते. चुकीची पट्टी लागली तर बरोबरची बहुतेक शेजारीच असते, तिच्यावर सरकायचं आणि पुढे जायचं. तोंड वाकडं करायचं नाही, जीभ चावायची नाही, हसायचं नाही. श्रोत्यांना सूर कळला नसला तरी तोंड कळतं.

आपण भजनात कुठे आहोत तेच हरवलं तर हात उचलायचा. डाव्या हाताचा सा तेवढा धरून ठेवायचा आणि ऐकायचं. आठ मात्रा काही वाजलं नाही म्हणून भजन पडत नाही, टाळ चालूच असतात. धृपद फिरून येतंच. ते आलं की समेवर हात ठेवायचा. अंदाजाने मधेच घुसायचं नाही.

कधी गाणारीकडूनही चूक होते. काकू एकदा तिसरं कडवं विसरल्या आणि गप्प झाल्या. अशा वेळी वाद्य थांबलं तर सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळतात. सूनबाईने धृपदाची चाल भराव म्हणून फिरवली, मागच्या बायकांनी धृपद धरलं, तेवढ्यात काकूंना ओळ आठवली. त्या चौथं कडवं आधी घेतील तर आपणही चौथ्यातच जायचं. "तिसरं राहिलं" असं वाद्याने सांगायचं नसतं. त्या सुरातून सरकल्या असतील तर मधेच ट्रान्सपोज हलवू नका. ओळ चालू असताना उगाच झगडूही नका. भरावात सा जरा ठळक द्या. ऐकून त्या परत आल्या तर उत्तम, नाही आल्या तर कडवं संपेपर्यंत वाद्य शांत ठेवा.

आता आमची सगळ्यात मोठी फजिती सांगतो. 3 जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीचा गावात कार्यक्रम होता. दुसऱ्या भजनाच्या मध्यावर लाईट गेली आणि क्षणात परत आली. माईक चालू झाला, कीबोर्डही चालू झाला. सूनबाईने नेहमीची पट्टी दाबली आणि भलताच सूर आला, तोही पियानोच्या आवाजात. तिला वाटलं आपलं बोट चुकलं. दुसरी पट्टी दाबली, तीही भलतीच. तिसऱ्या प्रयत्नात काकूंचाही सूर हलला.

झालं असं होतं की बंद होऊन चालू झालेला कीबोर्ड सगळं विसरला होता. उणे चारचं शून्य झालं होतं, पेटीचा पियानो झाला होता. काकू काळी चारमध्ये गात होत्या आणि कीबोर्ड पांढरी एकमध्ये बोलत होता. बरेच कीबोर्ड असे सगळं विसरतात. तेव्हा सूनबाईने जे केलं ते आम्ही आज नियम म्हणून सांगतो. तिने दोन्ही हात उचलले. आवाज पूर्ण खाली आणला. काकूंना नुसती मान डोलावून "चालू ठेवा" असं सांगितलं. टाळ आणि खंजिरी चालूच राहिल्या. तिने शांतपणे उणे चार लावलं, पेटीचा आवाज लावला, मग आवाज अगदी थोडा वर करून सा दाबला आणि तो काकूंच्या सुराशी जुळतो का ते ऐकलं. जुळला. तरी लगेच घुसली नाही, धृपद येईपर्यंत थांबली, आणि समेवर हळूच आली. एक पूर्ण कडवं वाद्याविना झालं. कार्यक्रमानंतर एका आजीने येऊन विचारलं, "ते मधलं नुसत्या टाळांचं कडवं मुद्दाम ठेवलं होतं का?"

तेव्हापासून कार्यक्रमाला निघताना आम्ही कीबोर्डमध्ये सेल घालून नेतो. सेल असले की लाईट गेली तरी बहुधा तो बंद पडत नाही. पण हे घरीच तपासून बघायचं. वाजवता वाजवता वायर काढायची आणि उणे चार टिकतं का ते पाहायचं. शिवाय प्रत्येक भजनाआधी सूनबाई ट्रान्सपोजचा आकडा मोठ्याने वाचते आणि मग हळू आवाजात सा देते. काकू तो गुणगुणून मान हलवतात, मगच टाळ वाजतो. दोन गाणाऱ्या असतील तर हे फार गरजेचं, कारण काकूंचा उणे चार आणि त्यांच्या मागून गाणाऱ्या ताईंचा उणे तीन, यात गफलत हमखास होते.

परवाच्या गुरुवारी तालमीत सूनबाईला विचारलं, आता तू काय वेगळं करतेस? ती म्हणाली, "मी पहिल्यापेक्षा निम्मंच वाजवते." काकू शेजारीच टाळ पुसत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणून तं मला सगळं गाता येते."

तुमच्या मंडळात कीबोर्ड असेल तर या आठवड्यात ते 15 सेकंदांचं मोजमाप करून बघा, आणि काय आकडे आले ते पुढच्या बैठकीत आम्हाला सांगा.